एका प्रश्नात दोन प्रश्न

‘शाळेच्या उपयुक्त सूचना तुम्हाला वेळेवर आणि स्पष्ट मिळतात ना?’ पालकांच्या सर्वेक्षणात असा प्रश्न सहज लिहिला जातो. सहलीची सूचना आदल्या रात्री आली, पण भाषा सोपी होती. त्या आईने ‘हो’ लिहायचे की ‘नाही’? शिवाय ‘उपयुक्त’ आणि ‘ना’ तिला होकाराकडे ढकलतात.

म्हणून प्रश्न फोडावा. ‘गेल्या महिन्यात सूचना तयारीला पुरेल इतक्या आधी किती वेळा मिळाल्या?’ पर्याय: नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. ‘सूचना समजायला सोप्या होत्या की अवघड?’ हे वेगळे विचारावे, दोन्ही बाजूंना सारखेच पर्याय देऊन.

छापण्याआधी चार-पाच पालकांकडून प्रश्न वाचून घ्यावेत. ‘कुठली सूचना, फीची की अभ्यासाची?’ असे कुणी विचारले, तर शब्द अजून मोघम आहेत.