मिगच्या नाकातला सुळका

नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेली मिग-२१ विमानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नाकाच्या गोल तोंडातून डोकावणारा सुळका आठवत असेल. तो तिथे कशासाठी, हे कळायला आधी सुळका नसता तर काय झालं असतं ते पाहू.

समजा, विमान सुमारे १६ किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे माक २ ने चाललं आहे. बाहेर तापमान उणे ५६ अंश, दाब जेमतेम १० किलोपास्कल. विमानाच्या दृष्टीने हवा सेकंदाला ५९० मीटर वेगाने समोरून येते. इंजिनाच्या पंख्याला मात्र ध्वनीपेक्षा हळू हवा लागते. साध्या उघड्या तोंडापुढे हवेच्या वाटेत आडवी, काटकोनात शॉकवेव्ह उभी राहते. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यात हवेचा वेग २२१ मीटरवर येतो, दाब साडेचार पट होऊन ४५ किलोपास्कल होतो आणि तापमान ९२ अंशांपर्यंत चढतं. माक आता ०.५८.

दाब वाढला, मग तक्रार कसली? हिशेब दुसऱ्या दाबाचा आहे. वाहती हवा अजिबात नासाडी न होता थांबवली तर जो दाब मिळेल, त्याला अभियंते स्टॅग्नेशन प्रेशर म्हणतात. शॉकच्या आधी तो ७८ किलोपास्कल होता, नंतर ५६ उरतो. २८ टक्के गेले! गंमत म्हणजे ऊर्जा कुठेच गेलेली नाही: हवा थांबवली तर तापमान शॉकच्या आधी आणि नंतर सारखंच, ११७ अंश, येतं. पण इतक्या अरुंद जागेत वेग मोडताना हवेतल्या घर्षणाने आणि उष्णतेच्या वहनाने सुव्यवस्थित गतीचा काही भाग रेणूंच्या सैरावैरा धावपळीत कायमचा विरघळतो. त्यातून तो दाब परत काढता येत नाही, आणि इंजिनाचा जोर तितका घटतो.

हे नुकसान वेगाबरोबर झपाट्याने वाढतं. माक १.५ ला ते फक्त ७ टक्के, माक ३ ला ६७ टक्के. म्हणून एफ-१६ साध्या तोंडावर भागवतं, मिग-२१ ला ते परवडलं नाही. सुळक्यामुळे आधी तिरका, सौम्य शॉक तयार होतो आणि आडव्या शॉकपर्यंत हवा बरीच मंदावलेली असते. सोप्या हिशेबासाठी सुळक्याऐवजी १० अंशांची पाचर धरली, तर हवा माक १.६४ वर येते आणि शेवटी ७२ ऐवजी ८७ टक्के दाब हाती लागतो. वेग बदलला की तिरक्या शॉकचा कोन बदलतो, म्हणून मिगचा सुळका पुढेमागे सरकतो.

वेग मोजणाऱ्या पिटो नळीपुढेही असाच शॉक असतो. घट धरली नाही आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाचंच सूत्र वापरलं, तर माक २ च्या विमानात काटा १.७९ दाखवेल.