थंड पाइपला घाम का फुटतो आणि किती जाडीचं आवरण पुरतं

पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये वर पाहिलं, तर फॉल्स सीलिंगच्या पांढऱ्या फरशांवर पिवळसर डाग दिसतात. कुठे फरशी फुगून खाली वाकलेली असते, कुठे तिच्याखाली बादली ठेवलेली असते. पहिला संशय जातो तो छत गळण्यावर किंवा पाइप फुटण्यावर. प्लंबर येतो, सांधे तपासतो, काही सापडत नाही. पाइप खरोखरच शाबूत असतो. टपकणारं पाणी पाइपमधलं नसून हवेतलं असतं.

मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात चिलर नावाचं यंत्र पाणी साधारण ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतं. ते पाणी पंपाने मजल्यामजल्यावर फिरतं, खोल्यांमधली उष्णता घेऊन १२ अंशांच्या आसपास परत येतं. या पाइपांवर काळ्या रबराचं किंवा फोमचं जे आवरण दिसतं, ते गारवा वाया जाऊ नये म्हणून असतं, असंच बहुतेकांना वाटतं. ते काम ते करतंच. पण आपल्या किनारपट्टीवर त्याची जाडी ठरवणारं कारण दुसरंच आहे: आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जाता कामा नये. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते तापमान. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तो याच कारणाने.

रत्नागिरीतल्या एखाद्या रुग्णालयाचं उदाहरण घेऊन हिशेब करू. चार इंची लोखंडी पाइप, बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर, आत ७ अंशांचं पाणी. पाइप फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून जातो आणि तिथे एसीची हवा पोचत नाही. जुलै महिन्यात तिथली हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरू. अशा हवेचा दवबिंदू येतो २७.२ अंश. म्हणजे आवरणाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा फार तर २.८ अंशांनी थंड राहिला तर चालेल. त्याहून थंड झाला की घाम आलाच.

पाणी आणि हवा यांच्यात एकूण २३ अंशांचा फरक आहे. हा फरक दोन अडथळ्यांत वाटला जातो. पहिला अडथळा आवरणाचा. दुसरा, पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा. ज्याचा अडथळा मोठा त्याच्या वाट्याला फरकही मोठा. आपल्याला हवेच्या थराच्या वाट्याला जास्तीत जास्त २.८ अंश द्यायचे आहेत, उरलेले २०.२ अंश आवरणाने पेलायचे आहेत. म्हणजे आवरणाचा अडथळा हवेच्या थराच्या सातपटीहून थोडा अधिक हवा. नायट्राइल रबराची उष्णतावाहकता ०.०३६ आणि पृष्ठभागाचा उष्णताविनिमय दर ९ धरला (दोन्ही नेहमीच्या एककांत), पाइपची गोलाई हिशेबात घेतली, की जाडी येते २४ मिलिमीटर. बाजारात २५ मिलिमीटरची नळी मिळते, तेव्हा काम झालं असं वाटतं.

खरी अडचण इथेच आहे. आर्द्रता थोडी हलली की जाडी फार हलते. याच पाइपला, याच ३० अंशांच्या हवेत, आर्द्रता ८० टक्के असेल तर १८ मिलिमीटर पुरतात. ८५ ला २४ लागतात. ९० टक्क्यांना ३७ आणि ९५ टक्क्यांना तब्बल ६९ मिलिमीटर. पाच-पाच टक्क्यांच्या या पायऱ्या वर वर जाताना एकदम उंच होत जातात, कारण हवा जसजशी संपृक्त होते तसतसा हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक शून्याकडे सरकतो. १०० टक्क्यांना तो उरतच नाही, आणि मग कोणतीही जाडी पुरी पडत नाही. म्हणून वर्षाची सरासरी आर्द्रता घेऊन आवरण निवडणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. पाइपला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. तो जुलैतल्या सगळ्यात ओल्या रात्री टपकतो.

उन्हाळा कडक म्हणून आवरण जाड हवं, हा समजही इथे टिकत नाही. नागपूरचा मे महिना घ्या: ४५ अंश, आर्द्रता २० टक्के. दवबिंदू १७ अंशांच्या आसपास. घाम टाळायला जेमतेम दीड मिलिमीटर रबर पुरेल. त्याच नागपुरात ऑगस्टमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना त्याच पाइपला ३३ मिलिमीटर लागतात. हवा १८ अंशांनी थंड झाली आणि गरज वीसपटीहून अधिक वाढली.

आता उष्णतेचा हिशेब. आपल्या रत्नागिरीच्या पाइपवर काहीच आवरण नसेल तर प्रत्येक मीटरमागे सुमारे ७४ वॅट उष्णता आत शिरेल, आणि वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता वेगळीच. २५ मिलिमीटर आवरणाने ती साडेबारा वॅटवर येते, ४० ने नऊवर, ५० ने आठाच्या खाली. २०० मीटर लांबीच्या पाइपला २५ मिलिमीटरमध्ये अडीच किलोवॅट उष्णता मिळते, ४० मध्ये १.८ किलोवॅट. हा फरक वातानुकूलनाच्या भाषेत टनाचा पाचवा हिस्सा. एवढ्या पाइपमधून आरामात ७० टनांची थंडी वाहते. म्हणजे नुसती वीज वाचवायची असती तर २५ वर थांबलं तरी फारसं बिघडत नव्हतं. पुढचे १५ मिलिमीटर आपण छत कोरडं ठेवण्यासाठी विकत घेतो. कोरड्या, उष्ण प्रदेशात हे पारडं उलटं होतं. तिथे उष्णतेचा हिशेब जाडी ठरवतो आणि घामाचा प्रश्न त्याच्या पोटात आपोआप सुटतो.

हवेच्या थराचा जो अडथळा म्हटला, त्याकडे जाणकारांचंही दुर्लक्ष होतं. आवरण शोभिवंत आणि टिकाऊ दिसावं म्हणून त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचं पत्र्याचं क्लॅडिंग चढवतात. चकचकीत पृष्ठभाग भोवतालच्या भिंतींकडून येणारं उष्णतेचं प्रारण परतवतो, त्यामुळे तो स्वतः अधिक थंड राहतो. उष्णताविनिमयाचा दर ९ वरून साडेपाचाच्या आसपास उतरतो, आणि ८५ टक्के आर्द्रतेला जिथे २४ मिलिमीटर पुरत होते तिथे ३७ लागतात. काळं रबर उघडं असताना कोरडं राहिलेला पाइप पत्रा चढवल्यावर घामेजतो, तो यामुळेच. पाइप एकमेकांना खेटून बसवले तरी असंच होतं: मधली हवा हलत नाही, दर पडतो, आणि दोन पाइपांमधल्या फटीत पाणी जमतं. म्हणून आवरण चढवल्यानंतर दोन पाइपांमध्ये आणि पाइप व भिंत यांच्यामध्ये हवा खेळायला मोकळी जागा उरली पाहिजे. ती नकाशातच सोडावी लागते, नंतर मिळत नाही.

तेव्हा आपल्या उदाहरणात मी ९० टक्के आर्द्रता धरेन. उघड्या काळ्या रबराला ३७ मिलिमीटर लागतात, म्हणून ४० घेईन. त्यावर चकचकीत पत्रा येणार असेल तर हिशेब ५६ वर जातो. मग ३२ आणि २५ असे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर न येतील असे. ९५ टक्क्यांसाठी ७० मिलिमीटर रबर मात्र घेणार नाही. तेवढी ओली हवा पोकळीत येतेच कुठून, ते शोधून तिची वाट बंद करणं स्वस्त पडतं. बहुतेकदा ती बाहेरच्या भिंतीतल्या न बुजवलेल्या भोकातून किंवा उघड्या शाफ्टमधून येते.

जाडी बरोबर निवडूनही पाइप टपकतात, आणि त्याचं कारण वाफ. बाहेरच्या दमट हवेतली वाफ सतत थंड पाइपकडे ओढली जाते. आवरणात एक फट जरी राहिली तरी ती आत शिरते, लोखंडापाशी पाणी होते आणि तिथेच साठते. पाण्याची उष्णतावाहकता रबराच्या सोळापट. आवरण जसजसं भिजतं तसतसं निकामी होतं, पृष्ठभाग थंड पडतो, आणखी वाफ ओढली जाते. आत लोखंड गंजत राहतं, बाहेरून काही दिसत नाही. नायट्राइल रबराच्या पेशी बंद असल्याने ते स्वतःच वाफेला बऱ्यापैकी अडवतं, पण सांधे चिकटवलेले नसतील तर त्याचा उपयोग नाही. ग्लासवूल तर पूर्णपणे त्यावरच्या फॉइलच्या भरवशावर असतं. इलेक्ट्रिशियनच्या शिडीने ती फॉइल बोटभर फाटली तरी पुढच्या पावसाळ्यात तो भाग ओला झालेला असतो.

टपकणं कुठे आणि कसं आहे यावरून रोग ओळखता येतो. सरळ लांबीवर सगळीकडे सारखं दव दिसत असेल तर जाडी कमी आहे किंवा हवा अपेक्षेहून ओली आहे. फक्त हँगरपाशी थेंब असतील तर लोखंडी पट्टी आवरण दाबून किंवा कापून थेट पाइपला टेकली आहे. तिथे आवरणाएवढ्याच जाडीचा कडक फोमचा किंवा लाकडाचा ठोकळा हवा होता. बाक असलेल्या ठिकाणी पाणी असेल तर रबर ताणून बसवल्याने बाहेरच्या बाजूला ते पातळ झालं असावं. व्हॉल्व्ह आणि गाळणी उघडी सोडलेली असतील तर ती टपकणारच. आणि पाइपच्या तळाशी आवरण हाताला मऊ, जड लागत असेल, दाबल्यावर पाणी निघत असेल, तर आतून भिजलं आहे. त्यावर आणखी एक थर गुंडाळल्याने काहीही साधत नाही. ते काढून, पाइप सुकवून, गंज घासून, रंग देऊन नव्यानेच करावं लागतं. ओल्या रबरावर नवं रबर चढवून दिलेलं बिल मंजूर करू नये.

तुमच्या सोसायटीत, कार्यालयात किंवा रुग्णालयात असं काम होणार असेल तर कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा: ही जाडी किती तापमान आणि किती आर्द्रता धरून काढली? उत्तर आकड्यांत मिळालं नाही तर काम थांबवा. आणि काम जुनं असेल तर जुलैमध्ये आर्द्रतामापक खोलीत न टांगता फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत टांगा आणि रात्रीची नोंद घ्या, कारण पाइप त्याच हवेत असतो.