रंगवलेली होडी पाण्यावर चालवताना

स्थिर चित्रावरून काही सेकंदांचे चलचित्र करून देणारी एआय साधने आता घरच्या संगणकावरही चालतात. मात्र छायाचित्र हलवणे सोपे आणि हाताने काढलेले चित्र हलवणे अवघड, हे पहिल्याच प्रयत्नात कळते. या प्रणाली बहुतांशी कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांवर घडवलेल्या असतात. त्यामुळे जलरंगाचा ओघळ त्यांना ढग वाटतो, कागदाचा पोत वाळूसारखा सरकू लागतो आणि रेषेने काढलेला चेहरा तीन सेकंदांत फोटोसारखा गुळगुळीत होतो. चित्र हलते खरे, पण ते काढणाऱ्याचे राहत नाही.

उदाहरणादाखल मांडवीच्या पात्रातील एका होडीचे जलरंगचित्र घेऊ. नावाडी एका वल्ह्याने होडी हाकतो आहे, मागे माडांची रांग आहे. अलिबाबा कंपनीच्या ‘वान २.१’ या खुल्या प्रणालीत ते दिले, तर सर्वसाधारणपणे सेकंदाला १६ या गतीने ८१ फ्रेम, म्हणजे सुमारे पाच सेकंदांचे दृश्य मिळते. सूचना केवळ ‘होडी चालते आहे’ एवढीच असेल, तर माड डोलतात, कॅमेरा आपणहून पुढे सरकतो, वल्हे नावाड्याच्या मनगटात विरघळते आणि होडी कधीकधी मागेही जाते.

यातील वल्ह्याचा दोष बहुधा मूळ चित्रातच असतो. नावाड्याची बोटे वल्ह्याच्या रंगात मिसळली असतील, तर हात कोठे संपतो आणि लाकूड कोठे सुरू होते, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. ते अंदाज बांधते आणि प्रत्येक फ्रेममध्ये तो थोडा बदलतो. म्हणून सूचना बदलण्याआधी चित्र दुरुस्त करावे. बोटांची कड गडद करावी, कोपर आणि वल्हे यांच्यामध्ये पाण्याची फट दिसू द्यावी, वल्हे पाण्यात शिरते तेथे स्पष्ट रेष काढावी. ही पाच मिनिटांची डागडुजी तासभराचे प्रयत्न वाचवते.

त्यानंतर शब्द. चित्रात काय आहे ते यंत्राला दिसतेच. काय हलावे आणि काय हलू नये, एवढेच सांगायचे. पाच सेकंदांत वल्ह्याचा एक सावकाश फटकारा बसतो. त्यात नावाड्याने मान वळवावी आणि पक्षीही उडावेत, असा हट्ट धरू नये.

```
Static camera. The boatman slowly pulls
the oar back once. The boat glides forward.
Palm trees and far bank stay still.
Flat watercolour on paper.
```

‘कॅमेरा हलू नये’ असे नकारार्थी सांगण्यापेक्षा ‘स्थिर कॅमेरा’ असे होकारार्थी सांगणे अधिक लागू पडते, कारण नकार अशा साधनांच्या पचनी नीट पडत नाही.

निकाल एक-एक फ्रेम पुढे सरकवत पाहावा. नजर तीन ठिकाणी ठेवावी: मूठ, वल्ह्याचे पाण्यातील टोक आणि किनाऱ्याची रेष. किनारा चढला-उतरला तर कॅमेरा हलला आहे, असे समजावे. शब्द बदलताना ‘सीड’ नावाचा आकडा तोच ठेवावा. दोन्ही एकदम बदलले, तर कशाने फरक पडला हे कळत नाही. सूचना नेमकी असूनही हालचाल वेडीवाकडी येत असेल, तेव्हाच सीड बदलावा.

होडी तरीही उलटी गेली, तर शब्दांचा नाद सोडून दुसरे चित्र काढावे: वल्हे मागे गेलेले, होडी दोन बोटे पुढे सरकलेली. काही साधने पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम घेतात. मग दिशेचा प्रश्न बहुधा सुटतो. दोन्ही चित्रे मात्र एकाच कागदावर, एकाच स्कॅनरवर घेतलेली हवीत. उजेडात फरक असेल, तर दृश्याच्या मध्यावर जणू सूर्य ढगाआड जातो.

माड हट्टाने डोलतच राहिले, तर संकलनाच्या साधनात मूळ चित्राचा तेवढा भाग कापून दृश्यावर चिकटवावा. कॅमेरा स्थिर असेल तरच हा उपाय चालतो, आणि होडी माडांवरून जात असेल तर नाही. कागदाचा पोत वळवळत असेल, तर एकाआड एक फ्रेम गाळून उरलेली प्रत्येक दुप्पट वेळ धरावी. हातचित्रांच्या चलचित्रपटांत एक चित्र दोन फ्रेम धरण्याची रीत जुनीच आहे. सेकंदाला आठच चित्रे उरल्याने चाल थोडी तुटक दिसते, पण रंगवलेल्या होडीला ती शोभते.

चेहऱ्याचे रूपांतर मात्र नंतर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य. तो तिसऱ्या सेकंदाला बिघडत असेल, तर दृश्य तेथेच कापावे. वल्ह्याचा फटकारा तोवर पूर्ण झालेला असतो.