डोमेन बदलले, वेबसाइटही सुरू. मग येणारे मेल जातात कुठे?

बारामती/इंदापूर : वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, बदलण्याची वेळ अनेकांवर येते. रिझर्व्ह बँकेने तर बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या नावावर जायला सांगितले होते. नाव बदलताना एक नोंद चुकली, की येणारे मेल गायब होतात.

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका डाळिंब उत्पादक कंपनीने डोमेन बदलले. वेबसाइट करणाऱ्याने नवी होस्टिंग घेऊन साइट चालू करून दिली. कंपनीचे मेल आधीपासून गूगलकडे होते, तिथे नवे नावही जोडले. ऑफिसमधून मेल जातात. पण मुंबईच्या व्यापाऱ्याने पाठवलेली ऑर्डर आठ दिवस झाले तरी दिसत नाही. व्यापारी म्हणतो, "मी पाठवली, परत तर आली नाही."

मग ऑर्डर गेली कुठे? डोमेनच्या नोंदीत वेबसाइटचा पत्ता वेगळा असतो आणि मेलचा वेगळा. मेलच्या नोंदीला एमएक्स म्हणतात. या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर टाकायचे, हे ती सांगते. आपण मेल पाठवतो तेव्हा समोरच्याची एमएक्स बघितली जाते, आपली नाही. म्हणून मेल जातात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

इथे नव्या होस्टिंगने एमएक्समध्ये स्वतःचेच नाव घातले होते. सेटिंग करताना कुणीतरी तिथे कंपनीच्या पत्त्याचा मेलबॉक्सही उघडला होता. ऑर्डर त्यात पडली आणि तो कुणीच उघडत नव्हते. मेलबॉक्स नसता, तर "असा पत्ता नाही" म्हणून मेल व्यापाऱ्याकडे परत गेला असता. एमएक्समधला सर्व्हर बंदच असता, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मग मेल परत करतो.

हे मोबाइलवरही तपासता येते. `toolbox.googleapps.com/apps/dig` उघडा, डोमेन टाका आणि MX दाबा. मेल गूगलकडे असतील, तर उत्तरात `smtp.google.com` किंवा `aspmx.l.google.com` सारखी गूगलची नावे दिसायला हवीत. होस्टिंगचे नाव दिसले, तर चूक सापडली.

एमएक्स दुरुस्त करा. होस्टिंगला सीपॅनेल असेल, तर Email Routing मध्ये Remote Mail Exchanger निवडा. नाहीतर त्याच सर्व्हरवरून या डोमेनच्या पत्त्यांवर जाणारे मेल तिथेच अडकतात. जुनी नोंद इतर सर्व्हरच्या लक्षात काही तास राहते, तेवढा वेळ थांबावे लागते. दुरुस्तीनंतरही आधीचे मेल आपोआप येत नाहीत. होस्टिंगच्या वेबमेलमध्ये जाऊन ते काढून घ्यावे लागतात. होस्टिंग बंद केली तर तेही जातील.

जुने डोमेनही लगेच सोडू नका. व्यापाऱ्यांच्या वहीत जुनाच पत्ता असतो. त्याचे नूतनीकरण करा आणि त्याची एमएक्सही तपासा.