मुदत संपलेली सही आणि अडकलेले उत्तर

आज आपण एका छोट्या, पण नेमक्या अडचणीचा विचार करू. लातूरच्या एका डाळ गिरणीची कल्पना करा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. व्यवस्थापकीय संचालक लातूरला राहतात आणि त्यांची बहीण, म्हणजे दुसरी संचालक, नांदेडला. आयकर खात्याची नोटीस येते : तूर खरेदीच्या नोंदी आणि बँकेचे उतारे द्या, मुदत १५ तारखेपर्यंत. कागद तयार आहेत, उत्तरही लिहून झाले आहे. १२ तारखेला संचालक संगणकाला टोकन लावतात, तर त्यांच्या डिजिटल सहीची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली. आता काय करायचे?

आधी एक प्रश्न विचारू, कारण त्याच्या उत्तरावरच पुढचे सगळे उभे आहे. संपले म्हणजे नेमके काय संपले? टोकनमधली गुप्त किल्ली कालही होती, आजही आहे. तिचे गणित बिघडलेले नाही. संपली ती साक्ष. 'ही किल्ली अमुक माणसाची आहे' असे परवानाधारक प्रमाणन संस्थेने एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी सांगितलेले असते. त्यानंतर ती संस्था जबाबदारी घेत नाही. गावात दस्तावर सही करताना ओळख पटवणारा साक्षीदार उठून गेला, तर सही करणारा तोच माणूस असला तरी दस्त पुढे सरकत नाही. तसेच हे. म्हणूनच मुदतीच्या आत केलेल्या जुन्या सह्या मुदत संपल्यामुळे खोट्या ठरत नाहीत. फक्त नवी सही करता येत नाही.

आता दुसरा प्रश्न : या कामाला ही सही लागतेच का? इथे बहुतेकांची गल्लत होते. कंपनीचे विवरणपत्र भरायला डिजिटल सही सक्तीची आहे. आयुक्तांकडे करायच्या अपिलाचा ३५ क्रमांकाचा नमुना भरतानाही कंपनीला ती लागते. पण नोटिशीला दिलेले उत्तर ही वेगळी गोष्ट आहे. चेहराविरहित आकारणीत अधिकारी आणि करदाता समोरासमोर येत नाहीत, सगळा व्यवहार पोर्टलवरून होतो. तिथे कंपन्यांची नेमकी हीच अडचण होत होती. म्हणून ६ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आयकर नियमांत १४सी हा नियम घातला. त्याचा अर्थ असा : करदात्याने स्वतःच्या नोंदणीकृत खात्यातून पोर्टलवर जे कागद सादर केले, ते इलेक्ट्रॉनिक पडताळणी संकेताने प्रमाणित झाले असे मानले जाईल. मंडळाने दुसऱ्याच दिवशी स्पष्टही केले, की ज्यांना एरवी डिजिटल सही सक्तीची आहे अशा कंपन्यांनाही ही सोय लागू आहे.

इथे 'मानले जाईल' या शब्दांना वजन आहे. खात्यात शिरताना कंपनीचा पॅन आणि पासवर्ड वापरला, तीच ओळख कायद्याने पुरेशी धरली. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या : तो पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती कंपनीची सही. तो हिशेबनिसाच्या वहीत लिहून ठेवायची वस्तू राहिली नाही.

मग आपल्या लातूरच्या संचालकांनी काय करावे? आधी नोटीस वाचावी आणि ती चेहराविरहित आकारणीतली आहे का हे पाहावे. तशी असेल तर कंपनीच्या खात्यातून e-Proceedings मध्ये जावे, त्या नोटिशीखाली उत्तर लिहावे, कागद जोडावेत आणि सादर करावे. पोचपावती उतरवून घ्यावी, तिच्यावरची तारीख बघावी. पोचपावती आली नाही, तर उत्तर पोचले असे धरू नये. अर्धवट जतन केलेला मसुदा म्हणजे उत्तर नव्हे.

समजा पडद्यावर सही मागितलीच, किंवा काम विवरणपत्राचे निघाले, तर नांदेडच्या बहिणीची वैध सही चालेल का? १९६१ च्या कायद्याचे कलम १४० सांगते, की कंपनीचे विवरणपत्र व्यवस्थापकीय संचालकाने पडताळावे. अपरिहार्य कारणाने त्यांना ते शक्य नसेल, किंवा असा संचालकच नसेल, तर कोणत्याही संचालकाने. म्हणजे वाट आहे, पण कारण खरे हवे आणि ते लिहून ठेवलेले बरे. 'टोकन सापडत नाही' हे अपरिहार्य कारण आहे की नाही, यावर उद्या वाद होऊ शकतो. उत्तरापुरते बोलायचे तर सनदी लेखापाल किंवा वकील यांना अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी नेमता येते. तशी सोय e-Proceedings मध्येच आहे.

तिसरी वाट नव्या सहीची. बोलताना लोक 'नूतनीकरण' म्हणतात, पण प्रत्यक्षात नवी किल्ली आणि नवे प्रमाणपत्र मिळते. पॅन, आधार आणि छोटी चित्रफीत देऊन ओळख पुन्हा पटवावी लागते. ही चित्रफीत संचालकानेच द्यायची असते, दुसऱ्या कोणाला त्यांच्या वतीने देता येत नाही. आणि इथे हमखास चूक होते : प्रमाणपत्र टोकनमध्ये आले की काम झाले असे वाटते. नाही. आधी संचालकाने आपल्या वैयक्तिक पॅनच्या खात्यात जाऊन Register DSC मधून ती नोंदवावी लागते, मगच ती कंपनीच्या कामाला येते. नव्या सहीलाही नकार मिळाला, तर तीन गोष्टी तपासाव्यात : नवी सही नोंदवली का, प्रमाणपत्रातला पॅन संचालकाच्याच पॅनशी जुळतो का, आणि पोर्टलशी टोकन जोडणारा प्रोग्राम चालू आहे का.

हे १५ तारखेच्या आत होईना, तर चौथी वाट : Seek Adjournment मधून मुदतवाढ मागणे. कारण खरे लिहावे, किती दिवस हवेत ते लिहावे आणि मुदत संपण्याआधी मागावे. मुदतवाढ हा हक्क नव्हे, ती नाकारलीही जाऊ शकते. गप्प बसणे मात्र महागात पडते. १४२(१) खालच्या नोटिशीला उत्तरच दिले नाही, तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून आकारणी करू शकतो आणि प्रत्येक कसुरीला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, तेव्हा कलमांचे आकडे नोटिशीवरूनच घ्यावेत.

एक सावधानता. ही सोय आयकराची आहे. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत कंपन्यांना विवरणपत्रे संकेताने भरू दिली होती, पण ती ठरावीक मुदतीपुरती सवलत होती. तिथल्या नियम २६ प्रमाणे कंपनीला डिजिटल सहीच लागते. एका दारातली किल्ली दुसऱ्या दाराला लावून पाहू नये.

शेवटी, मुदत संपल्याचे दोन दिवस उशिरा का कळले? कारण टोकन आणि त्याचा पिन दोन्ही लेखापालाच्या खणात होते. ज्याची सही, त्याने ती तीन वर्षे हातात धरलीच नव्हती. यंत्राला ते कळत नाही; ते त्या सहीखाली संचालकाचेच नाव लिहिते, आणि उत्तरदायीही तेच राहतात. म्हणून टोकन आपल्याकडे ठेवा, आणि मुदत संपण्याची तारीख त्यावरच चिकटवून ठेवा.