कोपऱ्यात अडलेलं बेअरिंग

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या मागांचा खडखडाट जिथे चालतो, तिथे घासलेला शाफ्ट नवा करून देणारा लेथवालाही लागतोच. मापाचा शाफ्ट हा टर्नर डोळे झाकून करतो. पण व्यास जिथे वाढतो त्या खांद्याच्या कोपऱ्यातली गोलाई पुष्कळदा टूलच्या मर्जीवर सोडलेली असते, आणि बेअरिंग अडतं ते तिथेच.

6206 घ्या. आतला व्यास 30 मिलिमीटर. त्याच्या आतल्या रिंगच्या कडेला चॅम्फर असतो आणि कॅटलॉगमध्ये त्याचं किमान माप 1 मिलिमीटर दिलेलं असतं. म्हणून शाफ्टच्या कोपऱ्यातला रेडियस जास्तीत जास्त 1 चालतो. समजा तो 1.5 झाला आणि रिंगचा चॅम्फर नेमका किमान मापाचा निघाला, तर रिंगची आतली कड गोलाई जिथून वर चढू लागते तिथेच टेकते. रिंग खांद्यापासून 1.5 उणे 1, म्हणजे अर्धा मिलिमीटर दूर थांबते. हातोड्याने पुढे रेटली तर ती चढावर चढून ताणली जाते, बॉलसाठी ठेवलेली फट कमी होते आणि बेअरिंग तापू लागतं.

घोटाळा ‘किमान’मुळे होतो. प्रत्यक्षातला चॅम्फर त्याहून मोठा असू शकतो. या मापाच्या रिंगला त्रिज्येच्या दिशेने 1.5 पर्यंत आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने 3 पर्यंत मुभा आहे. त्यामुळे चुकीच्या शाफ्टवरही जुनं बेअरिंग नीट बसलेलं असतं आणि बदललेलं नवं बसत नाही. मग शिव्या बेअरिंगला पडतात. शाफ्ट नेहमी किमान मापासाठीच कापायचा.

कार्बाइड इन्सर्ट वापरणाऱ्याला हे सोपं आहे. इन्सर्टच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे नाकाचा रेडियस सांगतात: 08 म्हणजे 0.8, 12 म्हणजे 1.2. इथे 08 चालतो, 12 नाही. हाताने घासलेल्या टूलला मात्र रेडियस गेज लावूनच बघावं.

मग कोपरा सरळ टोकदारच का ठेवू नये? कारण फिरत्या शाफ्टवर ताण तिथेच एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. मोठा रेडियस हवाच असेल, तर खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये खांद्याच्या बाजूला मोठा चॅम्फर दिलेली स्पेसर रिंग घालतात. ग्राइंडिंग करायचं असेल तर कोपऱ्यात खाच काढतात. तिचा तळही गोल हवा.

बसवल्यावर फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी रिंग आणि खांद्याच्या मध्ये चारही बाजूंनी घालून पाहायची. ती कुठेच शिरू नये. बेअरिंग गरम करून चढवलं असेल तर थंड होताना ते आकसतं आणि खांद्यापासून थोडं सुटतं; तेव्हा थंड झाल्यावर आतल्या रिंगवर नळी ठेवून दाबायचं आणि पट्टी पुन्हा घालायची. फट तरीही सगळीकडे सारखी राहिली, तर बेअरिंग उतरवून आधी कोपरा तपासावा.