सोसायटीच्या फळ्यावरचं दिवाळीचं आमंत्रण

‘रविवारी दिवाळी स्नेहमेळावा आहे. सर्वांनी सहकुटुंब यावे, वर्गणी जमा करावी व सहकार्य करावे.’ फळ्यावर अशी सूचना लागते आणि मग सचिवांचा फोन वाजत राहतो. किती वाजता? किती द्यायचे? फराळ घरून आणायचा का?

समजा, सोसायटीत 48 घरं आहेत. आधी दिवस ठरवावा. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी अभ्यंगस्नान असतं, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ घरची असते आणि पाडवा-भाऊबीजेला बरेच जण गावी जातात. म्हणून वसुबारसेच्या आधीचा रविवार मला सर्वांत सोयीचा वाटतो. मुलांनी त्या दिवशी केलेले आकाशकंदील पुढे दिवाळीभर गॅलरीत लागतात. संध्याकाळी पाचला कंदील, साडेसहाला रांगोळी आणि दीपोत्सव, साडेसातला गाणी, साडेआठला फराळ, अशा वेळा आमंत्रणातच द्याव्यात. पहाटेची मैफल ठेवायची असेल तर ती सहानंतर ठेवावी, कारण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे.

आता पैसे. फराळ आणि चहाचे 7,200, ध्वनिव्यवस्थेचे 3,500, पणत्या-तेल-रांगोळीचे 1,800 आणि मुलांच्या बक्षिसांचे 1,500 धरले, तर खर्च 14,000 होतो. 48 ने भागून घरटी 292 मागितले की हमखास तूट येते, कारण काही घरं बंद असतात, काही जण देत नाहीत. चाळीसच घरं देतील असं धरून 350 मागावेत. वर्गणी ऐच्छिक आहे हे स्पष्ट लिहावं आणि ती मेंटेनन्सच्या बिलात मिसळू नये. वाद तिथेच सुरू होतात. यूपीआयने पैसे पाठवताना घर क्रमांक लिहायला सांगावं, नाहीतर कोणाचे आले हे शोधत बसावं लागतं.

सगळ्यात कच्चा राहतो तो मदतीचा भाग. ‘सहकार्य करावे’ वाचून कोणी पुढे येत नाही. आपण नेमकं काय करायचं, किती वेळ द्यायचा, हेच कळत नाही. त्याऐवजी फळ्याशेजारी कागद लावावा आणि कामं तासांनिशी लिहावीत. उदाहरणार्थ:

‘नमस्कार मंडळी! खुर्च्या मांडायला 4 ते 5 चार जण हवेत. मुलांना कंदील शिकवायला 5 ते 6 तिघं. फराळ वाढायला 8.30 ते 9.30 सहा जण. आवराआवरीला 9.30 ते 10 पाच जण. एक तास दिलात तरी पुरे. जमेल त्या कामापुढे नाव आणि घर क्रमांक लिहा. घरून किती माणसं येणार तेही लिहा, म्हणजे फराळ कमी पडणार नाही.’

आवराआवरीची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. तिथे समितीच्या सदस्यांनी आपली नावं आधी लिहावीत, मग बाकीची येतात.

नावं आणि वर्गणी यांची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या पाच दिवस आधीची ठेवा, म्हणजे फराळवाल्याला आकडा वेळेत देता येईल. आणि जमाखर्चाचा कागद भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात त्याच फळ्यावर लावा.